आधी अमोनियम क्लोराइड

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आल्या की कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक पाठपोट छापलेला कागद मिळायला लागतो. पुढच्या बाजूला सॉल्ट ॲनालिसिसचा तक्ता असतो : कृती, निरीक्षण, अनुमान. त्याच्या खाली टायट्रेशनचं कोष्टक, त्याखाली ‘काळजी’ या मथळ्याची पाच-सात वाक्यं आणि मागच्या बाजूला व्हायवाचे संभाव्य प्रश्न, उत्तरांसकट. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. अक्षर कुणाचं तरी असतं, पण झेरॉक्सची झेरॉक्स होत होत तेही पुसट झालेलं असतं. ‘व्हाइट पीपीटी’ असं त्यावर जागोजागी लिहिलेलं दिसतं. पीपीटी म्हणजे अवक्षेप, प्रेसिपिटेट. हल्ली पहिल्या दिवशी वर्गात एखादा तरी निष्पापपणे विचारतो, ‘सर, यात पॉवरपॉइंट कुठून आलं?’

मी बरीच वर्षं हा विषय शिकवला आणि एक्स्टर्नल म्हणून पुष्कळ लॅबमध्ये फिरलो. सगळीकडे हा कागद थोड्याफार फरकानं सारखाच भेटला. कोर्‍या चेहऱ्यानं पाठ केलेला, दप्तरात चार घड्या घातलेला, क्वचित बाहीत दडवलेलाही. त्याच्याविषयी आम्ही मास्तर मंडळी नाक मुरडूनच बोलायचो. नंतर कधीतरी त्यातली एकेक ओळ कुठून आली हे शोधायची सवय लागली, आणि लक्षात आलं की हा कागद एका वयाचा नाहीच. कृती एका काळातली, तिचं कारण दुसऱ्या काळातलं आणि काळजीची वाक्यं आणखी तिसरीकडची.

एकच ओळ घेऊ. तिसऱ्या ग्रुपसमोर लिहिलेलं असतं : ‘ओ.एस. + NH₄Cl, मग NH₄OH वास येईपर्यंत.’ ओ.एस. म्हणजे ओरिजिनल सोल्युशन, दिलेल्या क्षाराचं मूळ द्रावण. त्यात आधी अमोनियम क्लोराइड घालायचं आणि मग अमोनियम हायड्रॉक्साइड. पांढरा, बुळबुळीत, जेलीसारखा अवक्षेप आला तर ॲल्युमिनियम, विटकरी आला तर फेरिक लोह.

या ओळीचा जन्मदाखला बऱ्यापैकी स्पष्ट आहे. कार्ल रेमिगियस फ्रेसेनियस हा फ्रँकफुर्टचा मुलगा, जन्म १८१८ चा. औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करून तो १८४० मध्ये बॉनला शिकायला गेला. तिथल्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी हातानं काम करावं अशी धड प्रयोगशाळाच नव्हती, म्हणून तो मार्क्वार्ट नावाच्या गृहस्थांच्या खासगी प्रयोगशाळेत काम करू लागला. त्या काळातले विश्लेषणाचे ग्रंथ, विशेषतः हाइनरिश रोझचा १८२९ चा, म्हणजे अभ्यासकांसाठी खजिना होते, पण त्यात एकेका मूलद्रव्याच्या इतक्या प्रतिक्रिया दिलेल्या की नवख्यानं बाटली हातात घेतल्यावर पहिलं काय करावं हे कळणार नाही. म्हणून फ्रेसेनियसनं स्वतःपुरता एक क्रम लिहून काढला : हे घाला, अवक्षेप आला तर इकडे जा, नाही आला तर तिकडे. मार्क्वार्टनी तो पाहिला आणि छापायला लावला. १८४१ साली ते छोटं पुस्तक निघालं तेव्हा फ्रेसेनियस बावीस-तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता. म्हणजे आमच्या नाक मुरडलेल्या कागदाचा मूळपुरुष एका विद्यार्थ्याच्या प्रयोगाच्या बाकावर नेता येतील अशा स्वतःच्या नोट्सच निघाल्या. लगेच तो गीसेनला युस्टुस लीबिगचा सहायक झाला, आणि पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीला लीबिगची प्रस्तावना लाभली. पुढे त्याच्या हयातीत आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, भाषांतरं झाली आणि लीबिगचे शिष्य जिथे जिथे गेले तिथे ती पद्धत गेली.

एक गंमत. फ्रेसेनियसनं धातूंचे गट पाडले ते आपल्या उलट्या बाजूनं. त्याचा पहिला गट पोटॅशियम, सोडियम आणि अमोनियमचा. शिसं-तांबं त्याच्या पाचव्या गटात. आपण ते पहिल्या-दुसऱ्यात शोधतो. प्रयोग करताना ज्या क्रमानं गट वेगळे होतात त्या क्रमानं आकडे लावावेत ही सोय नंतरच्या पुस्तकांनी केली. विद्यार्थ्याला वाटतं ‘तिसरा ग्रुप’ हा निसर्गानं ठरवलेला आहे. तो फक्त छपाईतला क्रमांक आहे.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. त्या पुस्तकात कृती एका भागात होती आणि ‘असं का करायचं’ याचे खुलासे नंतरच्या, वेगळ्या भागात. बाकावर उभं असताना कृती वाचायची, घरी बसून कारणं. शीटची पुढची बाजू आणि मागची बाजू ही फाळणी तिथलीच म्हणायची. फरक एवढाच की फ्रेसेनियसनं मागचा भाग विचार करायला ठेवला होता, आपण तो प्रश्नोत्तरं करून पाठांतराला लावला.

आता अमोनियम क्लोराइड आधी का? शीटच्या मागच्या पानावर याचं उत्तर दोन शब्दांत असतं : ‘कॉमन आयन इफेक्ट’. आणि इथेच वयाचा घोळ आहे. १८४१ साली आयन ही कल्पना विश्लेषणात नव्हतीच. त्या काळच्या रसायनज्ञांना अनुभवानं ठाऊक होतं की अमोनियम क्लोराइड घातलं नाही तर मॅग्नेशियमही अवक्षेपात येऊन बसतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की मॅग्नेशियम अमोनियमबरोबर विद्राव्य दुहेरी क्षार करून द्रावणात राहतं. कृती बरोबर, कारण आपलं नव्हे. अर्‍हेनियसचा आयनीभवनाचा सिद्धांत १८८७ चा, नर्न्स्टचं विद्राव्यता-गुणाकाराचं काम १८८९ चं, आणि हे सगळं विश्लेषणाच्या तक्त्याला लावून दाखवणारं ओस्टवाल्डचं पुस्तक १८९४ चं. म्हणजे पन्नासेक वर्षं पोरं आधी अमोनियम क्लोराइड घालत होती, उत्तरं बरोबर आणत होती, आणि व्हायवाच्या त्या प्रश्नाचं आजचं उत्तर जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. आज मी विद्यार्थ्याला त्या उत्तराचे मार्क कापतो तेव्हा हे आठवतं.

उत्तर मात्र उलगडून पाहण्यासारखं आहे. अमोनियम हायड्रॉक्साइड हा दुबळा अल्कली, थोडाच फुटतो आणि थोडेच हायड्रॉक्साइड आयन देतो. अमोनियम क्लोराइडमुळे द्रावणात अमोनियम आयनांची आधीच गर्दी झालेली असते, त्यामुळे तो आणखीच कमी फुटतो. उरलेले मूठभर हायड्रॉक्साइड आयन ॲल्युमिनियम किंवा फेरिक लोहाला पुरतात, कारण त्यांची हायड्रॉक्साइडं कमालीची अविद्राव्य. ॲल्युमिनियमचा विद्राव्यता-गुणाकार १०⁻³³ च्या आसपास, मॅग्नेशियमचा १०⁻¹¹ च्या आसपास. मॅग्नेशियमला भरपूर हायड्रॉक्साइड लागतात, ते नाहीत, म्हणून ते निमूटपणे द्रावणात राहतं आणि पुढे सहाव्या ग्रुपमध्ये सापडतं.

विसरलं की काय होतं? समजा बाटलीत मॅग्नेशियम सल्फेट आहे आणि पोरानं घाईत अमोनियम क्लोराइड गाळलं. अमोनिया पडताच पांढरं काहीतरी दिसतं. शीटवर लिहिलंय पांढरा पीपीटी म्हणजे ॲल्युमिनियम. तो खुशाल ॲल्युमिनियम लिहून मोकळा होतो. हा घोटाळा एका नळीत उघडा पडतो : अवक्षेपावर सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब जास्त घाला. ॲल्युमिनियमचा असेल तर विरघळतो, मॅग्नेशियमचा ढिम्म हलत नाही. बहुतेक शीटांवर ही खात्रीची टेस्ट असते, पण ग्रुप सापडल्याच्या आनंदात तिच्याकडे कोण बघतो?

त्याच ओळीशेजारी आणखी एक वाक्य असतं : ‘तीव्र HNO₃ चे दोन थेंब घालून उकळा.’ त्यालाही पूर्वेतिहास आहे. दुसऱ्या ग्रुपसाठी द्रावणातून हायड्रोजन सल्फाइड सोडलेला असतो. डेल्फ्टच्या किपनं १८४४ मध्ये बनवलेलं ते काचेचं तीन गोळ्यांचं यंत्र त्यासाठीच बाकाच्या कोपऱ्यात असायचं आणि सडक्या अंड्यांचा वास मजलाभर पसरायचा. हा वायू फेरिक लोहाला फेरस करून टाकतो, आणि फेरस हायड्रॉक्साइड तिसऱ्या ग्रुपच्या परिस्थितीत नीट खाली बसत नाही. म्हणून आधी उकळून वायू घालवायचा आणि नायट्रिक आम्लानं फेरसला परत फेरिक करायचं. आता ज्याने हायड्रोजन सल्फाइड दिलाच नाही, ज्याच्या बाटलीत लोह फेरिकच आहे, तोही इमानेइतबारे नायट्रिक घालून उकळतो. ओळ राहिली, तिचा वायू उडून गेला.

आता कागदाच्या दुसऱ्या टोकाला, टायट्रेशनकडे. आपल्याकडे बारावीला हमखास येणारी जोडी म्हणजे ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट आणि फ्लास्कमध्ये ‘मोर्स सॉल्ट’, फेरस अमोनियम सल्फेट. ब्युरेट आणि पिपेट हे शब्द चालू केले गे-ल्युसॅकनं, १८२४ च्या एका लेखात. त्याआधी रुआँ गावात देक्रुआझीय नावाच्या माणसानं १७९५ च्या सुमाराला कापड विरंजनाच्या द्रावणाची ताकद मोजायला खुणा केलेली काचेची नळी वापरली होती. म्हणजे मोजमापाची गरज पुस्तकातून नव्हे, गिरणीतून आली. पण परमँगनेट लोहाच्या मोजणीला लावलं ते मार्गेरितनं, १८४६ मध्ये, लोहाच्या खनिजात लोह किती हे कळावं म्हणून.

आणि मग येतो कार्ल फ्रीडरिश मोर, कोब्लेन्झचा औषधविक्रेता. टायट्रेशनवरचं त्याचं मोठं पाठ्यपुस्तक १८५५ ला आलं. नळीच्या टोकाला रबराची नळी आणि तिच्यावर चिमटा, ही त्याची ब्युरेट. चिमटा दाबला की थेंब, सोडला की बंद. स्वस्त, दुरुस्त करता येणारी, न गळणारी. आमच्या लॅबमध्येही अशा कितीतरी होत्या. मोर्स सॉल्टही त्याच्याच नावाचं : साधं फेरस सल्फेट हवेत पडून हळूहळू फेरिक होतं, त्याचं वजन करून उपयोग नाही. अमोनियम सल्फेटबरोबरचा हा जोडक्षार त्यामानानं टिकून राहतो, म्हणून त्याचं अचूक वजन घेऊन प्रमाण द्रावण करता येतं.

आता शीटमधलं काळजीचं वाक्य वाचा : ‘परमँगनेटसाठी रबरी नळीची ब्युरेट वापरू नये, काचेच्या चावीची वापरावी.’ परमँगनेट रबराला खातो आणि त्यात परमँगनेटचीच ताकद कमी होते. म्हणजे मोरच्या क्षाराचं टायट्रेशन मोरच्या ब्युरेटमध्ये करायचं नाही! आणि हे वाक्य अजूनही छापलं जातं, ज्या लॅबमध्ये गेल्या कित्येक वर्षांत रबरी नळीची ब्युरेट कुणी बघितलेली नाही तिथेसुद्धा. विद्यार्थी ते धडाधड म्हणतो. ‘रबरी नळीची ब्युरेट कशी दिसते?’ असं मी विचारलं की गप्प.

एक रीडिंग पूर्ण करून पाहू. मोर्स सॉल्टचं ०.०५ मोलर द्रावण २५० मिली करायचं तर त्याचा रेणुभार ३९२, म्हणून ४.९ ग्रॅम क्षार घ्यायचा. तो आधी सौम्य सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचा, नुसत्या पाण्यात टाकला तर द्रावण गढूळ होऊ शकतं. त्यातले १० मिली पिपेटनं कोनिकल फ्लास्कमध्ये, वर साधारण तितकंच सौम्य सल्फ्युरिक आम्ल, आणि ब्युरेटमधून परमँगनेट. वेगळा दर्शक लागत नाही, परमँगनेटचाच रंग पुरतो. फिका गुलाबी रंग टिकला की एण्ड पॉइंट. परमँगनेट गडद जांभळा असतो, त्यामुळे ब्युरेटमध्ये द्रावणाच्या वक्राचा तळ दिसत नाही. म्हणून वरची कडा वाचायची, सुरुवातीलाही आणि शेवटीही. समजा रीडिंग आलं ९.८ मिली. एक परमँगनेट पाच फेरसना पुरतो, म्हणून परमँगनेटची मोलॅरिटी म्हणजे ०.०५ गुणिले १०, भागिले ५ गुणिले ९.८, म्हणजे ०.०१०२. त्याला १५८ नं गुणलं की लिटरला सुमारे १.६१ ग्रॅम.

इथेच व्हायवाचा नेहमीचा प्रश्न : सल्फ्युरिकच का, हायड्रोक्लोरिक का नको? कारण परमँगनेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइझ करतो, क्लोरीन निघतो आणि परमँगनेट जास्त खर्ची पडतो. वरच्या उदाहरणात रीडिंग ९.८ ऐवजी १०.६ आलं तर मोलॅरिटी ०.०१०२ ऐवजी ०.००९४ निघेल, आणि बाकी सगळं व्यवस्थित दिसत असल्यानं चूक कुठे हे कळणारही नाही. आम्लच कमी पडलं तर मात्र फ्लास्क स्वतःच सांगतो : मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा येतो.

हा हायड्रोक्लोरिकचा प्रश्न परीक्षकांनी पोरांना छळायला काढलेला नाही. लोहाचं खनिज विरघळवायचं म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्लच लागायचं, त्यामुळे १९ व्या शतकातल्या लोखंड कारखान्यांच्या प्रयोगशाळांची ही रोजची डोकेदुखी होती. १८८० च्या दशकात झिमरमान आणि राइनहार्ट यांनी मँगनीज सल्फेट आणि फॉस्फोरिक आम्ल घालून तिच्यातून वाट काढली. कारखान्यातला तो उपाय बारावीच्या शीटपर्यंत पोचलाच नाही. फक्त त्याच्या आधीची अडचण पोचली, ‘का नको?’ या रूपात.

ही सगळी सामग्री परीक्षेचा प्रश्न कशी झाली? त्याचा रस्ता लंडनमधून जातो. लीबिगचा शिष्य हॉफमान १८४५ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीवर आला आणि गीसेनची बाकावरची शिस्त इंग्लंडमध्ये रुजली. पुढे तिथल्या सरकारी विज्ञान खात्याच्या परीक्षा सुरू झाल्या, निकालावर शाळांना पैसे मिळू लागले, आणि मग प्रॅक्टिकल म्हणजे एका छोट्या बाटलीतला अनोळखी क्षार ओळखणं, असं समीकरण बसलं. परीक्षेच्या दृष्टीनं त्याच्यासारखी सोय नाही : शंभर पोरांना शंभर बाटल्या देता येतात, उत्तर एक शब्दाचं आणि चूक-बरोबर लगेच ठरतं. हेन्री आर्मस्ट्राँग या रसायनज्ञानं याला ‘टेस्ट-ट्यूबिंग’ म्हणून झोडपलं. त्याचं म्हणणं, पोरं नळीत काय घडतं ते बघत नाहीत, तक्त्यात काय घडायला हवं ते बघतात. त्याची टीका बरोबर होती आणि तिचा परिणाम शून्य झाला, निदान आपल्याकडे तरी. मुंबई विद्यापीठ १८५७ ला लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं, आणि त्यामागोमाग प्रॅक्टिकलही आलं, तक्त्यासकट. व्हायवा मात्र रसायनशास्त्राहून फार जुनी. लेखी परीक्षा येण्याआधी युरोपातल्या विद्यापीठांत परीक्षा म्हणजे तोंडीच असायची. आपण तिचा तेवढाच तुकडा ठेवलाय, दहा मिनिटांचा.

आपल्या कॉलेजांत या सगळ्याला शेवटचा पक्का साचा मिळाला तो व्होगेलच्या जाड पुस्तकांमुळे. आर्थर व्होगेलचं गुणात्मक विश्लेषणाचं पुस्तक १९३७ चं, संख्यात्मक विश्लेषणाचं १९३९ चं. बीएस्सी-एमएस्सीच्या लॅबमध्ये आम्ल सांडून पानं पिवळी पडलेली व्होगेलची प्रत असायचीच. शिक्षकांनी व्होगेलमधून जर्नल उतरवलं, विद्यार्थ्यांनी जर्नलमधून वही, वहीतून चिठ्ठी, चिठ्ठीची झेरॉक्स. या उतरणीत कारणं गळाली, निरीक्षणं तेवढी पक्की झाली. फ्रेसेनियसच्या पानावर निरीक्षण म्हणजे जे दिसेल ते, म्हणून तिथे ‘जर’ असायचा. शीटवर निरीक्षणाचा रकाना आधीच भरलेला असतो. मी जर्नलं तपासताना ९.८, ९.८, ९.८ अशी तीन सारखी रीडिंग्ज पाहिली की खूण करायचो. तीन वेळा तंतोतंत तेच रीडिंग फार क्वचित येतं. कागदावर मात्र ते नेहमीच येतं.

गेल्या काही वर्षांत काळजीच्या यादीत एक ओळ मात्र खरोखर नवी आली : ‘पिपेट तोंडानं ओढू नये.’ आम्ही तोंडानंच ओढायचो. परमँगनेट, आम्ल, सगळं. जुन्या शीटवर फक्त एवढंच असायचं की पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून काढू नये, कारण तो टोकाला उरेल हे गृहीत धरूनच तिच्यावर खूण केलेली असते. आता दोन्ही ओळी एकाखाली एक असतात.

एका परीक्षेत मी एका मुलीला विचारलं, ‘अमोनियम क्लोराइड आधी का?’

ती म्हणाली, ‘कॉमन आयन इफेक्ट.’

‘कॉमन कुठला?’

ती थांबली. मग बाटलीकडे बघून म्हणाली, ‘सर, न घालता करून बघू का?’ वेळ होता, म्हणून मी हो म्हटलं. तिनं शेल्फवरची मॅग्नेशियम सल्फेटची बाटली घेतली आणि दोन नळ्या भरल्या, एकीत अमोनियम क्लोराइड घालून, दुसरीत न घालता. दोन्हींत अमोनिया टाकला. दुसरीत पांढरा साका आला, पहिली स्वच्छ राहिली. तिनं दोन्ही नळ्या खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिल्या, मग म्हणाली, ‘अमोनियम कॉमन.’ आणि खिशातली घडी घातलेली शीट माझ्यादेखत उघडून तिसऱ्या ग्रुपशेजारच्या समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. शीट आणायला बंदी होती. मी काही बोललो नाही.